शिंपीमामांच्या दुकानाचा करार: मुदत आपोआप वाढली, मग लॉक-इनही नव्याने सुरू होतो का?

शिवणटीप (धागाकर्ती)

माझे मामा शिंपी आहेत. तीन शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक, एक कारागीर आणि मामा स्वतः, एवढाच पसारा. तीन वर्षांपूर्वी त्यांनी दुकानासाठी गाळा भाड्याने घेतला. कामाचा मोठा भाग शेजारच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानातून यायचा: पँटची लांबी कमी करणं, शर्ट कमरेत घेणं, बाह्या उसवून पुन्हा लावणं. ते दुकान बंद झालं आणि मामांचं निम्मं काम गेलं. नवीन शिवण्याच्या ऑर्डरींवर एवढ्या मोठ्या गाळ्याचं भाडं निघत नाही. त्यांना लहान जागेत जायचंय.

करारावर सही कशी झाली तेही सांगते, कारण पुढे त्याचा संबंध येतो. मशीन टेंपोत चढलेली, पाटी रंगवून तयार, आणि ऐन त्या दिवशी मालकांचा माणूस करार घेऊन आला. इंग्रजीतली चौदा पानं. मामांनी विचारलं, "यात अडकायला होईल असं काही आहे का?" तो म्हणाला, "दोन वर्षं सोडता येणार नाही, नंतर तुम्ही मोकळे." मामांनी प्रत्येक पानावर सही केली. दोन वर्षं लक्षात ठेवली, ती संपल्यावर आपण मोकळे आहोत असं धरून चालले.

आता अडतिसावा महिना संपत आलाय. मामांनी सोडायचं म्हटल्यावर मालक म्हणतात की करार ३६ महिन्यांनंतर आपोआप वाढला, त्याबरोबर दोन वर्षांचा लॉक-इनही नव्याने सुरू झाला आणि त्यातले २२ महिने बाकी आहेत. सोडायचं तर त्या २२ महिन्यांचं भाडं एकरकमी द्या, तेही १५ टक्के वाढीव दराने. म्हणजे जुन्या दराने मोजलं तर २५.३ महिन्यांचं भाडं. डिपॉझिट सहा महिन्यांचं आहे. ते वळतं केलं तरी १९.३ महिन्यांचं भाडं मामांनी वरून द्यायचं. त्यांच्याकडे तेवढे पैसे नाहीत.

मामांना यातून बाहेर पडता येईल का? कृपया कुणी जाणकारांनी सांगा.

---

अर्धा_मीटर

करार रजिस्टर केलाय का? नसेल तर काळजी करू नका, तो कागद रद्दी आहे. किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवायची आणि निघायचं. कोर्टात असा करार उभाच राहत नाही.

---

मोगरा

ताई, माझं पार्लर आहे आणि माझ्यावर अगदी हीच वेळ आली होती. करारात लिहिलं होतं की मुदत संपल्यावर दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरणाऱ्या अटींवर नूतनीकरण होईल. मी त्या वाक्याच्या भरवशावर फरशी, प्लंबिंग, आरसे, सगळं स्वतःच्या खर्चाने केलं. मुदत संपल्यावर मालकांनी दुप्पट भाडं मागितलं. मी करार दाखवला, तर म्हणाले, "संमतीने असं लिहिलंय ना? माझी संमती या भाड्याला आहे." वकिलांकडे गेले तेव्हा कळलं की अशा वाक्याने मला काहीच हक्क मिळत नाही. भाडं किती किंवा ते कसं ठरवायचं हेच त्यात नाही, तर न्यायालय अंमल कशाचा करणार? शेवटी जागा सोडावी लागली. तुमच्या मामांनाही टिकून राहायचं असेल तर भाडेवाढीचा आकडा आधी कागदावर घ्या.

---

शिवणटीप

@मोगरा, वाचून फार वाईट वाटलं. पण मामांचं उलटं आहे, त्यांना राहायचं नाहीये. त्यांचं नूतनीकरण नको असताना झालंय.

@अर्धा_मीटर, मूळ ३६ महिन्यांच्या कराराची नोंदणी झालेली आहे. पुढच्या वाढीव मुदतीचा वेगळा कागद केलेला नाही.

---

कागदोपत्री

भाडेकरार वाचणं आणि लिहिणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहितो. पण सारांशावरून मत देता येणार नाही. करारातून तीन गोष्टी शब्द न बदलता इथे उतरवा: 'मुदत' याची व्याख्या, लॉक-इनचं कलम आणि मुदतवाढीचं कलम. इंग्रजी असेल तर नीट मराठी करून टाका, पण 'पहिल्या', 'प्रत्येक', 'मूळ' असे शब्द गाळू नका. सगळं प्रकरण त्यांच्यावर फिरतं. नोटीस कशी द्यायची हे सांगणारं कलमही शेवटच्या पानांत कुठेतरी असेल, तेही पाहा.

@अर्धा_मीटर, नोंदणीचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, पण किल्ली टाकून निघण्याचा सल्ला कृपया देऊ नका. त्यावर नंतर लिहितो.

---

शिवणटीप

रात्री मामांबरोबर बसून उतरवलं:

कलम ३: "या करारात 'मुदत' म्हणजे मूळ ३६ महिने आणि त्यानंतरची कोणतीही वाढीव मुदत."

कलम ६: "मुदतीच्या पहिल्या २४ महिन्यांत भाडेकरूस करार संपवता येणार नाही. तसे केल्यास त्या २४ महिन्यांपैकी उरलेल्या काळाचे संपूर्ण भाडे त्याने एकरकमी द्यावे. त्यानंतर भाडेकरू तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार केव्हाही संपवू शकेल."

कलम १७: "मुदत संपण्याच्या किमान ९० दिवस आधी भाडेकरूने जागा सोडत असल्याचे लेखी न कळवल्यास करार याच अटींवर पुढील ३६ महिन्यांसाठी आपोआप वाढेल व भाडे १५ टक्क्यांनी वाढेल."

नोटीस करारात दिलेल्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवायची, असं कलम २२ म्हणतं.

मामांनी पस्तिसाव्या महिन्यात मालकांच्या माणसाला तोंडी सांगितलं होतं की पुढे राहायचा विचार नाही. आणि एक गोष्ट काल कळली. सदतिसाव्या महिन्यात मामांनी जुन्याच दराने भाडं भरलं. मालकांचा मेसेज आला, तेव्हा त्यांनी फरक भरला आणि अडतिसाव्या महिन्याचं भाडंही वाढीव दराने दिलं.

---

अर्धा_मीटर

मग तोंडी सांगितलंय ना! कारागीर साक्षीदार असेल तर तेवढं पुरे. माणसाला सांगितलं म्हणजे मालकाला सांगितलं.

---

कागदोपत्री

तोंडी सांगण्यावर भिस्त ठेवू नका. कलम १७ लेखी मागतं, कलम २२ पोस्टाने मागतं. ते बाजूला ठेवलं तरी ९० दिवसांची वेळ तेहतिसाव्या महिन्याच्या शेवटी संपली होती. पस्तिसाव्या महिन्यात रजिस्टर पत्र गेलं असतं तरी उशीरच झाला असता. शिवाय वाढीव भाडं भरणं म्हणजे वाढलेली मुदत वागणुकीतून मान्य केली, असं मालकांचे वकील म्हणतील, आणि त्यात दम आहे. म्हणून मुदत वाढली हे तूर्त धरून चाला.

पण मुदत वाढली म्हणजे लॉक-इन पुन्हा सुरू झाला, असं आपोआप होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मालक ते एकत्र मांडतायत आणि तुम्हीही ते एकच धरलेत.

कलम ६ पुन्हा वाचा. "मुदतीच्या पहिल्या २४ महिन्यांत." आता 'मुदत' म्हणजे काय? कलम ३ सांगतं, मूळ ३६ महिने आणि वाढीव मुदत दोन्ही मिळून. म्हणजे 'मुदत' एकच आहे, ती आता ७२ महिन्यांची झाली. त्या ७२ महिन्यांतले पहिले २४ महिने कधीच उलटून गेले. "मूळ मुदतीच्या व प्रत्येक वाढीव मुदतीच्या पहिल्या २४ महिन्यांत" असं लिहिलं असतं तर मालकांचं म्हणणं बिनतोड होतं. तसं लिहिलेलं नाही.

मालकांचा आधार कलम १७ मधल्या "याच अटींवर" या शब्दांचा आहे. ते म्हणणार की लॉक-इन हीसुद्धा एक अट, तीही नव्याने लागू झाली. ते अगदीच टाकाऊ नाही. पण "याच अटींवर" म्हणजे कलम ६ जसं आहे तसं पुढे चालू राहिलं, आणि जसं आहे तसं त्यातले २४ महिने संपलेले आहेत. एखादं वाक्य खरोखर दोन्हीकडे झुकत असेल तर ते मसुदा करणाऱ्याच्या विरुद्ध वाचायचं, असं एक जुनं तत्त्व आहे. मसुदा मालकांचा होता आणि मामांना त्यात बदल करायची संधी मिळाली नाही. हे तत्त्व सगळ्यात शेवटी वापरायचं असतं, पण तुमच्या बाजूने आहे.

आता दोन्ही वाचनांचा हिशोब बघा. मालकांचं खरं धरलं तर १९.३ महिन्यांचं भाडं मामांनी द्यायचं. मी म्हणतो ते खरं धरलं तर फक्त तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे वाढीव दराने जुन्या ३.४५ महिन्यांएवढी रक्कम. सहा महिन्यांच्या डिपॉझिटातून ती वळती केली तर उलट २.५५ महिन्यांचं भाडं मामांना परत मिळतं.

त्यामुळे पहिलं काम: उद्याच कलम ६ खाली तीन महिन्यांची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा. वाद चालू राहू दे, नोटिशीचे दिवस मोजायला लागू देत. मुदत वाढली हे मान्य नसेल तर तो हक्क राखून ही नोटीस देत आहोत, असं एक वाक्य त्यात घाला. यापुढचं भाडंही तसंच, हक्क राखून भरत असल्याचं कळवून भरा. भाडं थांबवू मात्र नका, नाहीतर करारभंग तुमच्याच अंगावर येईल.

---

ओसरी

माझे दोन गाळे भाड्याने आहेत, म्हणून मालकाची बाजू मांडते. लॉक-इन हा लबाडीचा प्रकार नाही. नवीन भाडेकरू आला की दलाली जाते, रंगकाम होतं, सजावटीसाठी पहिला महिना-दीड महिना बिनभाड्याचा द्यावा लागतो. तो सहा महिन्यांत उठून गेला तर ते सगळं अंगावर पडतं. दोन वर्षांत ते भरून निघतं, म्हणून दोन वर्षं.

पण हेच कारण खरं असेल तर दुसऱ्या खेपेला लॉक-इन कशासाठी, हे मलाही कळत नाही. भाडेकरू तोच, दलाली नाही, रंग नाही, बिनभाड्याचा महिना नाही. मी माझ्या करारात मुदतवाढीनंतर लॉक-इन ठेवत नाही. आणि मुदत संपायच्या चार महिने आधी मी स्वतः भाडेकरूला पत्र पाठवते, की तुमची कळवायची तारीख जवळ आली आहे. ते कुठल्याही कलमात नाही, पण गाळा कुणी रडत-कुढत चालवलेला मला नको असतो.

एक विचारते: लॉक-इन फक्त भाडेकरूवर आहे का? मालक त्या दोन वर्षांत काढू शकत होते का?

---

शिवणटीप

@ओसरी, पाहिलं. मालकांना तीन महिन्यांच्या नोटिशीवर केव्हाही काढता येत होतं, पहिल्या दोन वर्षांतही. मामांना हे आज पहिल्यांदा कळलं. ट्रायल रूमची पार्टिशन, भिंतीत बसवलेलं मोठं कटिंग टेबल, मशीनसाठी वेगळं वायरिंग, हे सगळं त्यांनी या समजुतीवर केलं की निदान दोन वर्षं आपल्याला कुणी हलवत नाही.

नोटीस आज पाठवली. पोचपावतीची वाट बघतोय.

---

तिठा

मालकाचं सगळं म्हणणं मान्य केलं तरी २२ महिन्यांचं भाडं फुकटात मिळेल असं नाही. ते दंड मागतायत, आणि दंड म्हणून कितीही आकडा लिहिला तरी न्यायालय तेवढाच्या तेवढा देत नाही. भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कायद्याचं, कलम ७४ वाचा: लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, भरपाई वाजवी तेवढीच. तीन महिन्यांत दुसरा भाडेकरू मिळाला तर नुकसान तीन महिन्यांचंच. मी असतो तर एक पैसा सोडला नसता, सरळ दावा लढलो असतो.

---

कागदोपत्री

तिठा बरोबर सांगतायत, आणि त्याच कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना ते टाळायची कोणती साधनं उपलब्ध होती हेही बघायचं. म्हणजे गाळा मुद्दाम रिकामा ठेवून २२ महिने मोजत बसणं मालकांना सोपं जाणार नाही. पण हे सगळीकडे असंच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये भाडेकरू मुदतीआधी सोडून गेला तर मालकाने नवा भाडेकरू शोधलाच पाहिजे असं बंधन नाही, तो भाडं मागत राहू शकतो. उलट तिथे १९५४ च्या कायद्याने धंद्याच्या भाडेकरूला मुदत संपल्यावर नवा करार मागायचा हक्क दिला आहे, करारातच तो हक्क वगळलेला नसेल तर. मोगराताईंना तो उपयोगी पडला असता. परदेशातले वाचक धाग्यावर आहेत, म्हणून हे लिहिलं.

आता नोंदणी. भारतात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते. मूळ ३६ महिन्यांची झाली, पुढच्या ३६ महिन्यांचा वेगळा कागद नाही. मूळ करारातच मुदत लांबवायची तरतूद आहे म्हणून नवा कागद नको, असं मालक म्हणतील. हे नवं नूतनीकरण आहे, त्याला नवा नोंदणीकृत कागद हवा, तो नसल्याने मामा आता महिन्यागणिक भाडेकरू आहेत, असं तुम्ही म्हणाल. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. अर्धा_मीटर यांचा मुद्दा इथे लागू पडतो, फक्त कागद रद्दी आहे म्हणून नव्हे.

किल्लीचं राहिलं होतं. किल्ली टेबलावर ठेवून निघालात तर मालक म्हणतील की ताबा आम्ही घेतलेलाच नाही, भाडं चालू आहे. किल्ली देताना तारीख, वीजमीटरचा आकडा, जागेची अवस्था आणि दोघांच्या सह्या असलेली ताबापावती हवी. मालकांनी किल्ली घेऊन जागा दुसऱ्याला दाखवायला सुरुवात केली, तर पुढचं भाडं मागणं त्यांना फार अवघड जाईल.

दावा लढायचा का, यावर तिठा आणि माझं जुळत नाही. अगदी पूर्ण जिंकलात तरी डिपॉझिटातले अडीच महिन्यांचे पैसे हाती येणार. वकिलाची फी, तारखा, आणि तारखेच्या दिवशी बंद राहणारं दुकान, यात ते कधी संपतील कळणार नाही. माझ्या मते तुमचं वाचन ठामपणे कागदावर मांडा आणि त्या जोरावर तडजोड करा.

---

तिठा

तुमचं गणित पटतं, पण प्रत्येकाने असंच केलं तर हे कलम लिहिणाऱ्यांना कधीच कुणी विचारणार नाही. त्या चौदा पानांवर त्यांच्या बाकीच्या गाळेधारकांच्याही सह्या असतील.

---

कागदोपत्री

हो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो भार एका शिंप्याने एकट्याने का उचलायचा? त्याच मालकाचे चार-पाच गाळेधारक एकत्र आले आणि आपापल्या कळवायच्या तारखा आजच तपासल्या, तर त्यांचं तरी टळेल.

---

मोगरा

दुसरा भाडेकरू तुम्हीच शोधून दिलात तर? मामा पोटभाडेकरू ठेवू शकत नसतील, पण मालकांना माणूस आणून देता येईल ना?

---

शिवणटीप

@मोगरा, हे सुचवल्याबद्दल खरंच आभार. मामांच्या ओळखीतले एक मोबाइल दुरुस्तीवाले जागा बघून गेले. त्यांना गाळा आवडला आणि वाढीव भाड्याचीही तयारी आहे. मालकांशी थेट नवा करार करतील. आम्ही त्यांना धाग्यावरची तिन्ही कलमं आधीच वाचायला दिली आहेत.

नोटिशीची पोचपावती आली. त्यानंतर मालकांचा सूर बदलला. ते स्वतः दुकानात आले आणि २२ महिन्यांचा विषय काढलाच नाही. त्यांचं म्हणणं: नोटिशीचे तीन महिने राहू नका, महिनाअखेर जागा सोडा, डिपॉझिट आम्ही पूर्ण ठेवतो, विषय संपला. मामा म्हणतात, चार महिन्यांचं ठेवा आणि दोन महिन्यांचं द्या. त्या पैशांत नव्या जागेचं डिपॉझिट भरायचंय. मालकांनी पार्टिशन आणि कटिंग टेबल काढून भिंत पूर्ववत करून मागितली आहे. करारात तसं कलमही आहे, तेही आम्ही आताच वाचलं. मोबाइलवाल्यांना पार्टिशन हवंय, म्हणून ते तसंच ठेवावं असं आम्ही म्हणतोय. टेबल मामांना सोडवतच नाही, सागाचं आहे, ते नव्या जागेत नेणार.

अजून ठरलेलं काही नाही. परवा पुन्हा बसणार आहोत. @कागदोपत्री, तडजोड झालीच तर कागदावर काय लिहून घ्यायचं?

---

कागदोपत्री

चार गोष्टी, आणि सगळ्या एकाच कागदावर. अमुक तारखेला करार दोन्ही बाजूंच्या संमतीने संपला. मालकांनी ताबा घेतला, पार्टिशन आहे तसं स्वीकारलं. डिपॉझिटातून इतके वजा, उरलेले इतके, आणि ते ताबा देतानाच मिळाले, "नंतर देऊ" नको. कलम ६ आणि १७ खालच्या मागण्यांसह दोघांची एकमेकांकडे कसलीही मागणी उरलेली नाही. शेवटचं वाक्य मालक गाळायला बघतील, ते गाळलं तर सही करू नका.

मूळ करार नोंदवलेला आहे, तेव्हा हा कागदही नोंदवायला लागतो का, हे तुमच्या वकिलांना परवाच्या आधी विचारा. आणि मामांना सांगा, नव्या जागेचा करार सहीच्या निदान चार दिवस आधी हातात मागून घ्या. तोवर मशीन टेंपोत चढवू नका.

---

शिवणटीप

वकिलांना उद्या सकाळी फोन करते. नव्या जागेच्या कराराचा मसुदा आजच मागवला आहे. त्यातही "संमतीने ठरणाऱ्या अटींवर" असं वाक्य आहे. @मोगरा, भाडेवाढीचा आकडा मागायचा तर वाक्य कसं असावं, तुमच्या वकिलांनी काही सुचवलं होतं का?